एका वेलांटीची दुरुस्ती : जन्म नोंदवहीतील नाव कसे सुधारले जाते

जन्म प्रमाणपत्रावर मुलीचे नाव ‘ज्ञानेश्वरी’ऐवजी ‘ज्ञानेश्वर’ असे छापले गेले असेल, तर ती चूक वाचणाऱ्या कोणाच्याही लक्षात येते, आणि शेजारच्याच रकान्यात ‘स्त्री’ असे लिहिलेले असल्यामुळे तिच्याबद्दल वाद होण्याचेही कारण उरत नाही. तरीही ग्रामपंचायतीतील निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवण्यासाठी कायद्याने नेमलेला अधिकारी, ती वेलांटी तिथल्या तिथे घालून नवा कागद देत नाही. तो अर्ज मागतो, पुरावे मागतो, काही प्रकरणांत दोन जाणत्या व्यक्तींची घोषणापत्रे मागतो आणि कधी नोंदवहीच आपल्या ताब्यात नसल्याचे सांगतो. अर्जदाराला ही टाळाटाळ वाटते. काही वेळा ती असतेही. परंतु पुष्कळदा या मागण्यांच्या मागे एक निश्चित कार्यपद्धती असते आणि ती समजली की कोणती मागणी रास्त आणि कोणती अनाठायी, हे अर्जदाराला स्वतःच ठरवता येते.

परिपत्रकाच्या वर काय असते

अशा प्रकरणांत कार्यालयाकडून बहुधा ‘परिपत्रकानुसार’ हा शब्द ऐकायला मिळतो. परिपत्रक म्हणजे वरिष्ठ कार्यालयाने आपल्या अधीनस्थ कार्यालयांना काम कसे करावे याबाबत धाडलेली लेखी सूचना होय. महाराष्ट्रात जन्म-मृत्यू नोंदणीचे काम सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असून राज्याच्या उपमुख्य निबंधकांचे कार्यालय पुण्यात आहे. तेथून निघालेली सूचना बुलढाणा जिल्हा परिषदेत जिल्हा निबंधकाचे काम पाहणाऱ्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येते आणि पुढे पंचायत समित्यांमार्फत गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत, तसेच खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या नगरपरिषदांपर्यंत पोहोचते.

मात्र परिपत्रक स्वतः अधिकार निर्माण करीत नाही. त्याच्या वर जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा केंद्रीय कायदा आहे, जो महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, आणि त्या कायद्याखाली राज्य शासनाने केलेले नियम आहेत. नावातील चूक सुधारण्याचा अधिकार या कायद्याच्या कलम १५ मधून येतो, त्याची रीत नियमांतील ‘नोंदीची दुरुस्ती किंवा रद्द करणे’ या अकराव्या नियमात सांगितलेली आहे, आणि परिपत्रकाचे काम ती रीत कर्मचाऱ्यांना समजेल अशा भाषेत उलगडून सांगण्याचे आहे. म्हणूनच एखादी मागणी परिपत्रकाच्या नावाने केली गेली, तर ती कलम १५ आणि नियम ११ यांच्याशी जुळते का, हे पाहणे हाच तिची योग्यता ठरवण्याचा खात्रीचा मार्ग होय.

कलम १५ चा आशय थोडक्यात असा आहे की, नोंदवहीतील एखादी नोंद नमुन्यात किंवा आशयात चुकीची आहे, अथवा ती लबाडीने किंवा गैररीत्या केलेली आहे, अशी निबंधकाची खात्री पटवून दिली गेल्यास त्याने मूळ नोंदीत कोणताही फेरबदल न करता समासात, म्हणजे पानाच्या कडेला सोडलेल्या जागेत, दुरुस्तीची नोंद करावी, तिच्याखाली सही करावी आणि दुरुस्तीची तारीख घालावी. या एका वाक्यात सगळ्या प्रक्रियेचे सार आहे. दुरुस्ती करणारा निबंधक आहे, न्यायालय नव्हे. दुरुस्ती नोंदवहीत होते, प्रमाणपत्रावर नव्हे. आणि मूळ शब्द खोडला जात नाही. दुरुस्ती अमुक वर्षांच्या आतच मागितली पाहिजे, अशी मुदतही या कलमात घातलेली नाही.

प्रमाणपत्र हा केवळ उतारा असतो

बुलढाण्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यात या रचनेचा उलगडा सात-बाराच्या उदाहरणाने सहज होतो. शेतकऱ्याच्या हातात असलेला सात-बारा हा मूळ अभिलेखाचा उतारा असतो. त्यावरील नाव चुकले असेल तर तलाठी हातातल्या कागदावर खाडाखोड करीत नाही, तर फेरफार घेतो, आणि पूर्वी काय होते व ते कोणत्या आधाराने बदलले हे दोन्ही त्या फेरफारातून पुढच्या माणसाला वाचता येते. जन्म प्रमाणपत्राचे नोंदवहीशी असलेले नाते याच जातीचे आहे. प्रमाणपत्र नोंदवहीवरून तयार होते, म्हणून नोंदवही जशीच्या तशी ठेवून नुसते प्रमाणपत्र बदलले, तर पुढच्या वेळी उतारा मागताच जुनी चूक पुन्हा वर येते; आणि मूळ शब्द खोडला, तर काय बदलले व कोणी बदलले याचा मागच नाहीसा होतो.

या कारणाने अर्ज करण्यापूर्वी पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की चूक नेमकी कोणत्या पायरीवर शिरली. नोंदीचा प्रवास तीन पायऱ्यांचा असतो. जन्माची माहिती ठरावीक नमुन्यात, ‘नमुना १’ वर, भरली जाते; या नमुन्याचे दोन भाग असतात, पैकी कायदेविषयक भाग, ज्यात नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-वडिलांची नावे असतात, तोच एकत्र बांधला जाऊन नोंदवही बनतो, आणि सांख्यिकी भाग आकडेवारीसाठी वेगळा पाठवला जातो. त्यानंतर ही माहिती संगणकावर भरली जाते आणि शेवटी तिच्यावरून प्रमाणपत्र निघते.

नोंदवहीतील पानावर नाव बरोबर असून संगणकावर भरताना ते बिघडले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने नोंद बरोबरच आहे आणि चुकीची ठरते ती नक्कल. तेव्हा मूळ पानाशी ताडून संगणकातील माहिती दुरुस्त करणे एवढेच काम उरते आणि त्यासाठी घोषणापत्रांचा खटाटोप करण्याचे कारण नसते. याउलट नोंदवहीतच चूक असेल, तर कलम १५ खालील समासातील नोंद अटळ ठरते. हे कळण्याचा उपाय साधा आहे: कलम १७ नुसार कोणालाही नोंदवहीत शोध घेण्याची विनंती करून आपल्या नोंदीचा उतारा मागता येतो, आणि संगणकीकरणापूर्वीच्या नोंदीबाबत तर हस्तलिखित पान प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. बरेचसे हेलपाटे हे पान न पाहताच अर्ज केल्यामुळे होतात.

कोणती चूक, कोणता मार्ग

नियम ११ चुकांमध्ये भेद करतो आणि पुराव्याचे ओझे त्या भेदावर ठरते.

पहिला प्रकार लेखनातील किंवा नमुन्यातील चुकीचा. वेलांटी सुटणे, अक्षरांची अदलाबदल होणे, ‘वैष्णवी’चे ‘वैश्नवी’ होणे, नाव एका रकान्याऐवजी दुसऱ्या रकान्यात जाणे, ही त्याची उदाहरणे होत. अशी चूक कोणी निदर्शनास आणली किंवा निबंधकाच्या स्वतःच्याच लक्षात आली, तरी त्याने चौकशी करावी आणि खात्री पटल्यास ती सुधारावी, असे नियम सांगतो. येथे नियमाने घोषणापत्राची अट घातलेली नाही, आणि ही बाब अर्जदारांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण एका वेलांटीसाठी मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र करून आणण्यास सांगितले जाते तेव्हा नियमाने न मागितलेला खर्च गरीब कुटुंबावर पडतो. अर्थात निबंधकाची ‘खात्री’ ही पुराव्यावरच उभी राहते, म्हणून कागदपत्रे मागण्याचा त्याचा अधिकार मात्र मान्य केला पाहिजे.

दुसरा प्रकार आशयातील चुकीचा, म्हणजे ज्यामुळे व्यक्तीच्या ओळखीलाच धक्का लागतो अशा चुकीचा. वडिलांचे नाव नोंदीत ‘किसन’ आणि इतर सर्व कागदांवर ‘कृष्णा’ असेल, तर उच्चाराने ही नावे एकाच कुळातील वाटली तरी कागदावर ती दोन वेगळी माणसे असू शकतात. अशा वेळी, वस्तुस्थितीची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींनी चूक कोणती आहे आणि खरी स्थिती काय आहे हे सांगणारे घोषणापत्र दिल्यास निबंधक दुरुस्ती करू शकतो. नियमात ‘करू शकतो’ अशी शब्दयोजना आहे. म्हणजे घोषणापत्र दिले की दुरुस्ती आपोआप होते असे नाही, ती पटलीही पाहिजे. ‘विश्वासार्ह’ या शब्दाचा अर्थ पदवीधर किंवा पदाधिकारी असा नाही. त्या कुटुंबाला जन्माच्या काळापासून ओळखणारा शेजारी, प्रसूतीच्या वेळी हजर असलेली नातेवाईक किंवा बाळाची नोंद ठेवणारी अंगणवाडी सेविका ही दूरच्या गावातील प्रतिष्ठितापेक्षा अधिक उपयोगी साक्षीदार ठरते, कारण नियमाचा भर ‘माहिती असण्यावर’ आहे.

तिसरा प्रकार लबाडीने किंवा गैररीत्या केलेल्या नोंदीचा. येथे निबंधकाने स्वतः निर्णय घ्यायचा नसतो. त्याने मुख्य निबंधकांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला तपशीलवार अहवाल पाठवायचा आणि उत्तर आल्यावरच पुढील कार्यवाही करायची, असे बंधन आहे.

या तिन्हींत न बसणाऱ्या दोन मागण्या मात्र वारंवार ‘दुरुस्ती’ म्हणून केल्या जातात आणि तेथेच अर्ज अडकतात. एक म्हणजे नाव बदलण्याची. ‘वैष्णवी’ हे नाव ठेवले, तेच सांगितले आणि तेच नोंदले गेले, पण पुढे कुटुंबाने ‘वैदेही’ म्हणण्यास सुरुवात केली, तर नोंद केली त्या दिवशी ती खरीच होती. त्यामुळे सुधारण्यासारखी चूक तिच्यात नाही. शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देण्याचा मार्ग अशा बदलासाठी आहे, आणि राजपत्रातील जाहिरात पुढच्या व्यवहारांना उपयोगी पडली तरी जन्माच्या दिवसाची नोंद तिने चुकीची ठरत नाही.

दुसरी मागणी कोऱ्या रकान्याची. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. बारसे लांबले किंवा रुग्णालयाने बारशापूर्वीच माहिती पाठवली, तर नावाचा रकाना रिकामा राहतो. रिकाम्या रकान्यात नाव भरणे ही दुरुस्ती नसून नावाची नोंद आहे, आणि तिचा आधार कलम १५ नव्हे तर कलम १४ आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत ती विनाशुल्क होते, त्यानंतर नियमांनी ठरवलेल्या १५ वर्षांच्या मर्यादेत विलंब शुल्क भरून होते. कोऱ्या रकान्यासाठी दुरुस्तीचा अर्ज दिला, तर तो परत येणे स्वाभाविक आहे.

एका प्रकरणाचा मागोवा

प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी एक कल्पित, पण जिल्ह्यात सहज घडणारे प्रकरण घेता येईल. चिखली तालुक्यात नांदणारी एक स्त्री पहिल्या बाळंतपणासाठी लोणार तालुक्यातील माहेरी गेली आणि २०१७ च्या पावसाळ्यात, रुग्णालयात नेण्यापूर्वीच, घरीच प्रसूती झाली. घरी झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी कायद्याने कुटुंबप्रमुखावर टाकलेली असल्यामुळे मुलीच्या आईच्या वडिलांनी ग्रामपंचायतीत जाऊन ती तोंडी सांगितली आणि नमुन्यावर सही केली. मुलीचे नाव ‘ज्ञानेश्वरी’ सांगितले गेले, नमुन्यावर ‘ज्ञानेश्वर’ लिहिले गेले, आणि प्रमाणपत्रावर रोमन लिपीत `Gyaneshwar` असे उमटले. शाळेत मात्र तिचे नाव ‘ज्ञानेश्वरी’ आणि `Dnyaneshwari` असे लागले.

पहिला निर्णय अर्ज कोठे करायचा हा. नोंदणी राहत्या ठिकाणी नव्हे, तर जन्म झाला त्या ठिकाणी होते. त्यामुळे चिखली तालुक्यातील ग्रामपंचायत येथे काहीच करू शकत नाही आणि अर्ज माहेरच्या ग्रामपंचायतीतच द्यावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असलेल्या प्रदेशात हा मुद्दा किरकोळ नाही. याच न्यायाने शेगाव किंवा संग्रामपूर तालुक्यातील बाळाचा जन्म अकोल्याच्या रुग्णालयात झाला असेल तर दुरुस्ती अकोल्यातच होते, आणि मलकापूरकडील बाळ बऱ्हाणपुरात जन्मले असेल तर प्रकरण मध्य प्रदेशातील निबंधकाकडे जाते. नोंद कोणत्या निबंधकाकडे आहे, हे प्रमाणपत्रावरच छापलेले असते.

दुसरी बाब चुकांचे वर्गीकरण. या प्रकरणात चुका दोन आहेत आणि त्यांचे स्वरूप सारखे नाही. देवनागरीतील वेलांटी सुटणे ही निखळ लेखनातील चूक आहे, कारण त्याच पानावरील लिंगाचा रकाना तिच्या विरुद्ध साक्ष देतो. नोंदीच्या आतूनच मिळणारा असा पुरावा सर्वांत बळकट असतो, कारण तो नंतर कोणी तयार केलेला नसतो. रोमन अक्षरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठी उच्चाराप्रमाणे ‘ज्ञ’ साठी `Dny` लिहिण्याची महाराष्ट्रात रूढी आहे, तर हिंदी उच्चारावरून `Gy` असे लिहिले जाते. यांपैकी एक शुद्ध आणि दुसरे अशुद्ध असे कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाही. म्हणून येथे प्रश्न व्याकरणाचा राहत नाही, तर माहिती देणाऱ्याने काय सांगितले होते याचा होतो. मूळ नमुन्यावर रोमन अक्षरे लिहिलीच नव्हती आणि ती संगणकावर भरताना आली असतील, तर ती कुटुंबाने दिलेली नव्हती आणि लेखनातील चूक म्हणून ती सुधारण्यास जागा आहे. परंतु नमुन्यावर माहिती देणाऱ्याच्या सहीनिशी `Gyaneshwar` असेच लिहिलेले असेल, तर दोन व्यक्तींचे घोषणापत्र जोडून आशयाच्या दुरुस्तीचा मार्ग धरणे शहाणपणाचे ठरते. दोन्ही लिप्यांतील चुकांचा उल्लेख एकाच अर्जात केला पाहिजे. देवनागरी नाव सुधारून रोमन तसेच राहिले, तर आधार कार्डाच्या वेळी पुन्हा तोच अर्ज करण्याची पाळी येते.

तिसरी बाब नोंदवही कोठे आहे ही. नियमांनुसार नोंदवही ज्या वर्षाची असेल ते वर्ष संपल्यानंतर १२ महिने ती निबंधकाजवळ राहते आणि त्यानंतर शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जतनासाठी जाते. २०१७ ची नोंदवही या हिशेबाने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतच ग्रामपंचायतीत असणे अपेक्षित होते. म्हणून आज निबंधकाने ‘वही माझ्याकडे नाही’ असे म्हटले तर ते खरे असू शकते, पण ते अर्ज नाकारण्याचे कारण ठरत नाही. अशा वेळी त्याने वरिष्ठ अधिकाऱ्याला अहवाल देऊन वही मागवून घ्यावी, चौकशी करून दुरुस्ती करावी आणि वही परत पाठवल्यावर त्या अधिकाऱ्याने दुरुस्तीवर प्रतिस्वाक्षरी करावी, अशी तरतूद नियमातच आहे. जुन्या नोंदीच्या दुरुस्तीला लागणारा जास्तीचा काळ बहुतांशी या ये-जा करण्यात जातो.

पुराव्यांची निवड करताना एक तत्त्व उपयोगी पडते: कागद जन्माच्या जितका जवळचा, तितके त्याचे वजन अधिक. माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीची नोंदवही हे कागद कोणत्याही वादापूर्वी सहज व्यवहारात तयार झालेले असतात. शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा त्यानंतरचा, आणि आधार कार्ड बहुधा आणखी नंतरचे. आधार कार्ड ओळख पटवण्यासाठी लागतेच. पण ते स्वतःच चुकीच्या किंवा बरोबर अशा दुसऱ्या कागदावरून बनलेले असल्यामुळे केवळ त्याच्या आधारावर २०१७ मध्ये काय सांगितले गेले होते हे सिद्ध होत नाही.

> चौकट : अर्जात काय असावे
>
> अर्ज ‘नाव बदलून मिळणेबाबत’ असा नसावा. ‘जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार नोंदीतील लेखनातील चूक दुरुस्त करणेबाबत’ असा विषय लिहावा. त्याखाली नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, जन्मतारीख व जन्मस्थळ द्यावे. मग ‘नोंदीत असलेले नाव’ आणि ‘असावयास हवे ते नाव’ ही दोन्ही, देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत, एकाखाली एक सुवाच्य लिहावीत. चूक कशी झाली असावी हे एका-दोन वाक्यांत सांगावे, पुराव्यांची यादी जोडावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

अर्जाच्या विषयाचा असा आग्रह शब्दच्छल म्हणून नाही. ‘नाव बदलून मिळावे’ असे लिहिलेला अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नावबदलाची मागणी ठेवतो आणि तशी मागणी मान्य करण्याचा अधिकार त्याला नाही; त्यामुळे मुळात वेलांटीच्या चुकीसाठी केलेला अर्ज केवळ मांडणीमुळे फेटाळला जातो.

खात्री पटल्यावर निबंधक समासात दुरुस्तीची नोंद करतो, सही व तारीख घालतो आणि दुरुस्तीचा अहवाल वरिष्ठांकडे पाठवतो. मूळ माहिती देणाऱ्याच्या कायमच्या पत्त्यावर दुरुस्ती कळवण्याची तरतूदही नियमात आहे. या प्रकरणात ते पत्र आई-वडिलांकडे नव्हे, तर लोणार तालुक्यातील आजोबांकडे जाईल. ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण एखाद्या नातेवाइकाने परस्पर नोंद बदलून घेतली तर मूळ माहिती देणाऱ्याला ते कळण्याचा हा मार्ग असतो.

दुरुस्ती खरी झाली हे कसे ओळखावे

नवे प्रमाणपत्र हातात आले की पहिली नजर नावावर जाते. पण त्याआधी नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख पाहिली पाहिजे. दुरुस्तीत या दोन्ही गोष्टी बदलत नाहीत, बदलते ती फक्त प्रमाणपत्र दिल्याची तारीख. क्रमांक किंवा नोंदणीची तारीख वेगळी असेल, तर जुनी नोंद सुधारलेली नसून तिच्या शेजारी दुसरी नोंद उभी केलेली आहे, असाच अर्थ होतो.

हा धोका काल्पनिक नाही. दुरुस्तीत वेळ जातो म्हणून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला मिळवायचा आणि मग विलंबित नोंदणीच्या कलम १३ खाली योग्य नावाने नव्याने नोंद करून घ्यायची, हा सोपा वाटणारा सल्ला दिला जातो. त्यात एकाच जन्माच्या दोन नोंदी होतात, दुसरी नोंद खोट्या माहितीवर आधारलेली ठरते, आणि उघडकीस आल्यावर ती नियम ११ मधील लबाडीच्या नोंदीच्या मार्गाने रद्द होऊ शकते. विलंबाने केलेल्या जन्म नोंदींच्या गैरप्रकारांच्या तक्रारी पुढे आल्यानंतर महसूल विभागाने १२ मार्च २०२५ रोजी शासन निर्णय काढून एक वर्षापेक्षा अधिक उशिराच्या नोंदींची कार्यपद्धती कडक केली. तेव्हापासून अशा नोंदी अधिक बारकाईने तपासल्या जातात. एका वेलांटीसाठी त्या वाटेने जाणे म्हणजे साध्या लेखनदोषाचे रूपांतर संशयास्पद नोंदीत करणे होय.

दुसरी तपासणी समासातील नोंदीची. काही ठिकाणी केवळ संगणकातील माहिती बदलली जाते आणि वहीत काहीच लिहिले जात नाही. प्रमाणपत्र सुबक दिसते, पण पुढे पारपत्राच्या किंवा जात पडताळणीच्या वेळी वही मागवली गेली की दोन अभिलेख एकमेकांविरुद्ध बोलू लागतात. म्हणून दुरुस्तीनंतर समासासह नोंदीचा उतारा मागून घेणे आणि तो प्रमाणपत्राबरोबर जपणे हितावह आहे.

निबंधकाने नकार दिल्यास

नकार तोंडी असतो तोवर त्याविरुद्ध दाद मागणे कठीण जाते. म्हणून अर्जाची पोच आणि लेखी उत्तर या दोन गोष्टींना किंमत आहे. २०२३ मध्ये अधिनियमात झालेली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेली सुधारणा येथे उपयोगी पडते. तिने कलम २५-अ घातले असून त्यानुसार निबंधकाच्या कृतीने किंवा आदेशाने व्यथित झालेली व्यक्ती ३० दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे आणि जिल्हा निबंधकाच्या आदेशाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे अपील करू शकते, आणि अपिलाचा निकाल ते दाखल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. लोणार तालुक्यातील त्या ग्रामपंचायतीने अर्ज फेटाळला, तर अपील बुलढाण्यात जिल्हा निबंधकाकडे जाईल. अपिलात नवी कहाणी मांडण्यापेक्षा नोंदवहीतील पानाची प्रत, लिंगाच्या रकान्याशी असलेली विसंगती आणि जन्मकाळचे कागद एवढेच नेमकेपणाने पुढे ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.

याच सुधारणेने १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नियुक्ती, आधार आणि पारपत्र अशा कामांत जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरवला आहे. त्यापूर्वी जन्मलेल्यांना इतर कागदांचा आधार राहतो. परंतु नव्या पिढीच्या बाबतीत प्रमाणपत्रातील चूक पुढच्या प्रत्येक कागदात उतरण्याची शक्यता वाढली आहे.

कोणता कागद आधी सुधारावा

नाव अनेक कागदांवर चुकलेले असेल, तेव्हा जो कागद लवकर बदलतो तो आधी बदलण्याकडे कल असतो, आणि बहुधा तो आधार कार्ड असतो. हा क्रम टाळावा. आधारमधील नाव सामान्यपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. जन्म प्रमाणपत्रावरील नाव अजून ठरायचे असताना त्यातील एक संधी खर्च झाली, आणि निबंधकाने रोमन अक्षरे वेगळ्या रूपात मान्य केली, तर दुसरी संधीही तेथेच संपते. म्हणून आधी नोंदवही, तिच्यावरून नवे प्रमाणपत्र, मग शाळेची नोंद आणि त्यानंतर आधार, हा क्रम धरावा. शाळेच्या नोंदवहीतील बदलासाठी शिक्षण विभागाची स्वतंत्र कार्यपद्धती असून विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर ती अधिक अवघड होते; त्यामुळे कल्पिलेल्या प्रकरणातील मुलीसारखी, २०१७ मध्ये जन्मलेली मुले अजून शाळेत असतानाच हे काम हाती घेणे सोयीचे आहे.

जिल्ह्यातील वयस्क मंडळींचा प्रश्न मात्र या सगळ्यापेक्षा निराळा आहे. १ एप्रिल १९७० पूर्वीच्या जन्मांच्या नोंदी वऱ्हाडात कोतवाल बुकात सापडतात, ज्यांच्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळतात, आणि त्यांत पुष्कळदा बाळाचे नाव नसून वडिलांच्या नावापुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. कलम १५ या अधिनियमाखाली ठेवलेल्या नोंदवहीबद्दल बोलते, त्यामुळे त्या जुन्या पानांवर निबंधकाकडून समासातील दुरुस्ती मागता येत नाही. तेथे ती नक्कल जशी आहे तशी घेऊन, शाळेचा दाखला आणि इतर कागद यांच्या जोडीने व्यक्तीची ओळख सिद्ध करावी लागते.